दुष्परिणामाची नोंद तालुक्यातूनही व्हावी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : ग्रामीण रुग्णालये व प्राथमिक आरोग्य केंद्रांतून औषधांच्या संशयित दुष्परिणामांच्या नोंदी पाठवण्याची सोय करण्याबाबत

मा. मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

३० नोव्हेंबर २०२३ रोजी औषधांची मानके ठरवणाऱ्या गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनने एक इशारा प्रसिद्ध केला. मेफेनॅमिक ॲसिड या वेदनाशामकामुळे ड्रेस सिंड्रोम नावाची गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते, देशभरातून आलेल्या नोंदींच्या प्राथमिक छाननीत तसे आढळले आहे, तेव्हा डॉक्टरांनी आणि रुग्णांनी लक्ष ठेवावे व असे काही दिसल्यास कळवावे, एवढाच त्याचा आशय होता. पाळीच्या दुखण्यावर, दातदुखीवर, सांधेदुखीवर ही गोळी गावोगावच्या मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मागितली जाते. ग्रामीण रुग्णालयाच्या औषध खिडकीत माझी सारी नोकरी झाली, म्हणून हे मी जवळून पाहिले आहे.

हा इशारा प्रयोगशाळेतून निघाला नाही. कुठल्या तरी वॉर्डातल्या डॉक्टरने किंवा नर्सने अंगावरचे पुरळ आणि घेतलेली गोळी यांचा संबंध ताडला, फॉर्म भरला आणि पाठवला. तसे अनेक फॉर्म एकत्र आले तेव्हा तो निघाला. आपल्या तालुक्यांतून असे फॉर्म जात नाहीत. ते का जात नाहीत आणि आपल्या एका परिपत्रकाने काय बदलेल, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

ड्रेस ओळखायला अवघड आहे, कारण तो उशिरा येतो. साधी ॲलर्जी गोळी घेतल्यावर काही तासांत किंवा दिवसांत उठते. ड्रेस मात्र औषध सुरू झाल्यावर साधारण दोन ते आठ आठवड्यांनी दिसतो. आधी ताप येतो, मग पुरळ उठते, चेहरा सुजतो, मानेत आणि काखेत गाठी येतात. रक्तात इओसिनोफिल नावाच्या पेशी वाढतात आणि यकृताला सूज येते. काही रुग्ण यात दगावतात.

समजा, कापूस वेचणाऱ्या एका चौतीस वर्षांच्या बाईने पाठदुखीसाठी मेफेनॅमिक ॲसिडची गोळी रोज घ्यायला सुरुवात केली. बाविसाव्या दिवशी तिला ताप भरला, दुसऱ्या दिवशी पुरळ उठले. ती आरोग्य केंद्रात गेली. तिथे व्हायरल समजून पॅरासिटामॉल आणि एक अँटिबायोटिक मिळाले. पाठ दुखतच होती, म्हणून पहिली गोळीही चालू राहिली. सत्ताविसाव्या दिवशी चेहरा सुजला. रक्ताच्या रिपोर्टात इओसिनोफिल अठरा टक्के आणि यकृताची सूज दाखवणारे एसजीपीटी तीनशेच्या वर आले. इओसिनोफिल वाढले की आपल्याकडे पहिला संशय जंतांवर जातो. नातेवाइकांचा संशय जातो अँटिबायोटिकवर, कारण ती नवी गोळी असते.

इथे तारखा लागतात. अँटिबायोटिक सुरू झाले ते ताप आणि पुरळ आल्यानंतर. जे आधी घेतलेच नाही, त्याने आजार सुरू होणार नाही. तापाच्या आधी तीन आठवडे पोटात जात होती ती पाठीची गोळी. जिल्हा रुग्णालयात तिला दाखल करून घेतले, ती गोळी बंद केली, कावीळ, डेंग्यू वगैरे तपासण्या करून वगळले आणि स्टिरॉइड दिले. काही आठवड्यांनी ती सावरली.

आता हिची नोंद कशी होते? फॉर्म ग्राह्य ठरायला चार गोष्टी पुरतात : कोणीतरी ओळखता येईल असा रुग्ण (पूर्ण नाव नको, आद्याक्षरे, वय, स्त्री की पुरुष एवढे चालते), संशयित औषध, काय त्रास झाला आणि नोंद कोणी केली. बाकीचे रकाने जितके भरतील तितके चांगले. मात्र औषध सुरू आणि बंद केल्याची तारीख, त्रास सुरू झाल्याची तारीख, सोबत घेतलेली इतर औषधे आणि बॅच नंबर यांवाचून पुढचा माणूस आंधळा होतो. वर सांगितलेल्या बाईच्या फॉर्मवर अँटिबायोटिकची तारीख नसती, तर गाझियाबादला बसलेल्या तज्ज्ञाला दोन्ही गोळ्या सारख्याच संशयित वाटल्या असत्या.

हा फॉर्म वैद्यकीय महाविद्यालयातल्या औषध निरीक्षण केंद्रात जातो. तिथे संबंध किती बळकट आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने ठरवतात : खात्रीचा, बहुधा, शक्य, संभव नाही, अशा पायऱ्या आहेत. या बाईची नोंद 'बहुधा' या पायरीवर बसेल. 'खात्रीचा' म्हणायला बऱ्याचदा तेच औषध पुन्हा देऊन त्रास परततो का, हे बघावे लागते. ड्रेसच्या रुग्णाला ती गोळी पुन्हा द्यायची नसते, जीव जाऊ शकतो. म्हणून 'पुरावा कुठे आहे?' असे विचारून फॉर्म अडवणारे वरिष्ठ रुग्णावर जे करता येत नाही तेच मागत असतात. औषध निरीक्षणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाला खात्री नको आहे, संशय हवा आहे. खात्री करण्याचे काम पुढच्या लोकांचे.

पुढे ही नोंद देशभरातल्या नोंदींच्या राष्ट्रीय संचात जाते आणि तिथून स्वीडनमधल्या उप्सला येथील जागतिक संचात. तिथे जे गणित होते, ते समजले की एकेका फॉर्मचे मोल कळते. आकडे समजण्यासाठी धरू. संचात एक लाख नोंदी आहेत. त्यातल्या एक हजार एका औषधाच्या आहेत आणि सगळ्या औषधांच्या मिळून दोनशे नोंदी ड्रेसच्या आहेत. त्या औषधाचा आणि ड्रेसचा काही विशेष संबंध नसेल, तर दोन्ही एकत्र असलेल्या नोंदी साधारण दोन निघायला हव्यात. प्रत्यक्षात आठ निघाल्या, तर तज्ज्ञ ते आठ फॉर्म बाहेर काढून एकेक वाचतात. तारखा जुळतात का, दुसरे औषध होते का, औषध थांबवल्यावर बरे वाटले का. मग या तज्ज्ञांची समिती केंद्रीय औषध नियंत्रकांकडे शिफारस करते आणि औषधासोबतच्या माहितीपत्रकात इशारा वाढतो, किंवा आधी डॉक्टरांना सावध केले जाते.

फरक किती बारीक आहे ते पाहा. इथे दोन आणि आठ यांच्यात सहा फॉर्मचेच अंतर आहे. परभणी, नंदुरबार, गडचिरोलीतून ते सहा आलेच नाहीत, तर संचात काहीच दिसणार नाही, आणि काही न दिसणे म्हणजे औषध निर्धोक असणे नव्हे. या पद्धतीची मर्यादाही सांगते. गोळी किती लोकांनी घेतली ते संचाला ठाऊक नसते, त्यामुळे हजारात किती जणांना त्रास होतो हे यातून काढता येत नाही. बातमी छापून आली की नोंदी अचानक वाढतात, तेही तज्ज्ञांना लक्षात घ्यावे लागते. म्हणूनच २०२३ चा इशारा म्हणजे बंदी नव्हती. मेफेनॅमिक ॲसिड आजही विकले जाते आणि योग्य रुग्णाला ते द्यावेही. फक्त तीन आठवड्यांनी ताप आणि पुरळ आले, तर या गोळीची आठवण व्हायला हवी.

मग अडते कुठे? औषध निरीक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला आणि २०११ पासून गाझियाबादहून चालतो. त्याची केंद्रे मुख्यतः वैद्यकीय महाविद्यालयांत आहेत. महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, तर प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि ग्रामीण रुग्णालये आपल्या विभागाकडे. गोळ्या आपल्या खिडक्यांतून वाटल्या जातात आणि नोंद करणारी यंत्रणा दुसऱ्या खात्यात बसलेली आहे. मी काम केलेल्या एका रुग्णालयात हा फॉर्म कधी आलाच नव्हता. एका गंभीर रुग्णाची नोंद करावी म्हणून मी तो छापून आणला, तेव्हा वरिष्ठ म्हणाले, "बाई, कशाला स्वतःहून चौकशी लावून घेता?" त्या वाक्यात दुष्टपणा नव्हता, भीती होती. वास्तविक फॉर्मवरच छापलेले आहे की रुग्णाची ओळख गोपनीय राहील आणि नोंद पाठवणे म्हणजे डॉक्टरची, कंपनीची किंवा औषधाची चूक मान्य करणे नव्हे. पण शासकीय नोकराला छापील ओळीपेक्षा आपल्या विभागाच्या पत्राचा आधार वाटतो.

बॅच नंबरबद्दल वेगळे लिहायला हवे. आपल्याकडे पाच दिवसांच्या गोळ्या कात्रीने कापून देतात. नंबर पट्टीच्या ज्या टोकावर असतो ते टोक बहुतेक वेळा खिडकीच्या आतच राहते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे चौदा रुग्ण दगावले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. दोष औषधाच्या गुणधर्माचा की एखाद्या खेपेचा, हे बॅच कळल्याशिवाय वेगळे करता येत नाही. सरकारी पुरवठ्यात बॅचची नोंद ई-औषधी प्रणालीत असते. त्यामुळे केसपेपरवर औषध दिल्याची तारीख आणि बॅचचे शेवटचे चार अंक लिहिले, तरी मागे जाता येते. एका रुग्णामागे दहा सेकंदांचे काम आहे.

म्हणून माझ्या मागण्या अशा. प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयातल्या औषध निर्माण अधिकाऱ्यावर ही जबाबदारी लेखी सोपवावी आणि त्याला जवळच्या महाविद्यालयातील निरीक्षण केंद्राशी जोडून द्यावे. आरोग्य केंद्रांच्या नोंदी त्याच्याकडे याव्यात. संशयित दुष्परिणाम कळवणाऱ्या कर्मचाऱ्यावर त्या कारणाने चौकशी होणार नाही, असे आपल्या सहीचे परिपत्रक निघावे. रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही उपलब्ध आहे. तो आणि १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक औषध खिडकीवर लावावा, कारण मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या गोळीची माहिती रुग्णाशिवाय कोणाकडेच नसते. आशाताईंच्या मासिक बैठकीत एवढेच सांगावे की नवी गोळी सुरू केल्यापासून दोन महिन्यांच्या आत ताप-पुरळ एकत्र आले, तर सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन दवाखान्यात यायला सांगा.

आणखी एक. ज्याने नोंद पाठवली त्याला काय झाले ते कळवावे. पोच, संबंध कोणत्या पायरीवर ठरला, पुढे काही इशारा निघाला का, एवढे. फॉर्म पाठवल्यावर वर्षभर काहीच उत्तर आले नाही की माणूस पुढचा फॉर्म भरत नाही. गाझियाबादहून निघणारे इशारेही तालुक्याला पोचत नाहीत. २०२३ चा इशारा मला वर्तमानपत्रातून कळला, खात्याकडून नाही. दर महिन्याला जिल्हा शल्य चिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्यामार्फत तो खिडकीपर्यंत यायला हवा.

एखाद्या जिल्ह्यात सहा महिने हे करून पाहायचे ठरले, तर औषध निर्माण अधिकाऱ्यांना फॉर्म भरायला शिकवण्यासाठी मी विनामानधन यायला तयार आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयाला पाठवलेल्या प्रतीवर दिला आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त औषध निर्माण अधिकारी
मराठवाडा