संरक्षक भिंतीच्या हिशेबात पाणी कुठे आहे?

मा. संपादक,
स. न.

गोव्यात पठारांच्या उतारावर प्लॉट पाडताना आरसीसीची कँटिलिव्हर संरक्षक भिंत बांधतात. अशी भिंत पावसात पुढे सरकली की सळई कमी घातली, असा पहिला संशय घेतला जातो. आमच्या मते आधी डिझाइन बेसिस मेमोरँडम, म्हणजे डिझाइन करताना काय काय गृहीत धरले त्याचा कागद, काढून त्यात पाण्याबद्दल काय लिहिले आहे ते पाहावे.

पायासकट 4 मीटर उंचीची भिंत घेऊ. मेमोत सहसा मातीचे वजन घनमीटरला 18 किलोन्यूटन, माती स्वतःच्या घर्षणाने किती उतारावर टिकते ते सांगणारा घर्षणकोन 30 अंश आणि वर गाड्या उभ्या राहतील म्हणून चौरस मीटरला 10 किलोन्यूटन जादा भार, म्हणजेच सरचार्ज, धरतात. या कोनाला मातीच्या उभ्या दाबाचा एक तृतीयांश भाग भिंतीवर आडवा येतो. मीटरभर लांबीमागे मातीचा रेटा 48 आणि सरचार्जचा 13, मिळून 61 किलोन्यूटन. पाया 3.1 मीटर रुंद आणि तळाशी घर्षण 0.5 धरले, तर सरकण्याविरुद्ध सुरक्षा गुणांक, म्हणजे रोखणारे बल भागिले ढकलणारे बल, 1.6 येतो. 1.5 पुरतो, म्हणून नकाशा मंजूर होतो.

आता मागे वरपर्यंत पाणी तुंबले असे धरा. पाण्याला घर्षणकोन नसतो, ते पूर्ण दाबाने ढकलते. एकट्या पाण्याचाच रेटा 78 किलोन्यूटन. बुडालेली माती आणि सरचार्ज मिळवून 118 च्या वर जातो. शिवाय पाणी पायाखालून उचलते, त्यामुळे घर्षणही घटते. गुणांक 0.6 वर येतो. उलटण्याविरुद्धचा गुणांक कोरड्या स्थितीत जवळजवळ 4 होता. तेवढाच पाहून समाधान मानणे धोक्याचे आहे. पुढच्या मातीचा आधारही धरू नये, कारण उद्या तिथेच कोणीतरी गटार खणतो.

आपल्याकडे अडचण भरावाची आहे. कडक जांभ्याखाली मऊ चिकण माती लागते आणि खणलेली तीच माती भिंतीमागे ढकलली जाते. ती भिजल्यावर 30 अंशांवर राहील असे मानता येत नाही. भिजवलेल्या नमुन्याची चाचणी करूनच कोन लिहावा. भिंतीला लागून निदान 600 मिलिमीटर जाडीचा खडीचा थर, खडी आणि माती यांमध्ये पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे जिओटेक्स्टाइल कापड, तळाला भोकांचा पाइप, आणि भिंतीत दीड-दीड मीटरवर 100 मिलिमीटरचे, बाहेर उतार दिलेले पाइप हवेत. कापड वगळले तर चिकण माती खडीत शिरते आणि पाइप बुजतात.

हे जुलैत पाहता येते. मुसळधार पावसानंतर पाइप कोरडे आणि भिंतीच्या सांध्यांतून मात्र पाझर, तर मागे पाणी अडले आहे. पाइपातून गढूळ पाणी येत असेल तर भराव वाहून जातो आहे; वरची फरशी खचू लागेल.

पंचायतीने आणि घर घेणाऱ्यांनी मेमोत दोन्ही स्थितींचे गुणांक मागावेत: निचरा चालू असताना आणि पाइप बुजल्यावर. दुसरा आकडा 1 च्या खाली असेल, तर पाइप साफ कोण करणार आणि दरवर्षी मेअखेरीस कोण तपासणार, हे त्याच कागदावर लिहून घ्यावे.

– स्थापत्य अभियंत्यांचा एक गट, फोंडा