एकच प्रश्न विचार

प्रिय निखिल,

तुला आवडणाऱ्या मुलीला 'आपलं नातं नक्की काय?' हे कसं विचारायचं, असं तू विचारलंस. पाच महिने तुम्ही दर रविवारी भेटता, रात्री दोन-दोन तास बोलता, आणि तिच्या मैत्रिणींसमोर मात्र तू 'ओळखीचा'. तू लिहिलंस, ती तीन दिवस भरभरून मेसेज करते, मग चार दिवस गप्प. तुझी ओढ इतकी वाढली, त्याला ही अनियमितताही कारण आहे. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगात ज्या कबुतरांना दाणा कधी मिळायचा, कधी नाही, ती दाणा बंद झाल्यावरही बराच वेळ चोच मारत राहायची. म्हणून त्या चार दिवसांचे अर्थ लावत बसू नकोस, थेट विचार.

व्हॉट्सॲपवर मात्र नको. रात्री बारा वाजता पाठवलेला लांबलचक मेसेज आणि त्यावरच्या निळ्या खुणा, यात झोप जाते आणि उत्तर मिळत नाही. शिवाजी पार्कला भेटा. कट्ट्याला एक फेरी मारायला रमतगमत वीस मिनिटं लागतात आणि शेजारी चालताना सारखं नजरेला नजर द्यावी लागत नाही, त्यामुळे दोघांनाही बोलणं सोपं जातं. शिवाय उत्तर मनाविरुद्ध आलं, तर दादरहून ती अंधेरीची गाडी पकडेल, तू डोंबिवलीची. एका डब्यात गप्प बसून जायची वेळ येणार नाही. आदल्या दिवशी एवढंच कळव: "उद्या थोडं आपल्याविषयी बोलायचंय."

"आपलं नक्की काय चाललंय?" असं सुरू केलंस तर तिला जाब विचारल्यासारखं वाटेल. आधी स्वतःचं सांग: "मला तू आवडतेस. मी दुसऱ्या कुणाला भेटत नाही आणि आपण जोडपं म्हणून राहावं असं मला वाटतं. तुला काय वाटतं?" बस, एवढंच. लग्न, घरचे, पुढची पाच वर्षं यातलं काही त्यात घालू नकोस, नाहीतर ती सोप्या भागाचं उत्तर देईल आणि मूळ प्रश्न तसाच राहील.

मग गप्प राहा. इथेच बहुतेकांचं चुकतं. शांतता सोसत नाही म्हणून आपणच म्हणतो, "नाही नाही, घाई नाही काही," आणि समोरच्याला उत्तर द्यायची गरजच उरत नाही.

"आत्ताच नाव कशाला द्यायचं?" असं ती म्हणाली, तर नाव बाजूला ठेव आणि वागण्याचं विचार: आपण दोघंही दुसऱ्या कुणाला भेटत नाही ना? डेटिंग ॲप बंद करायचं का? मैत्रिणींना सांगायचं का? या तिन्ही प्रश्नांना टाळाटाळ झाली, तर ते 'नाही'च समज. "वेळ दे" म्हणाली तर जरूर दे, पण तारीख ठरवून, समजा तीन आठवडे. त्या दिवशी तू पुन्हा विचारशील हेही तेव्हाच सांग. तोवर ती स्वतःहून भेट ठरवते का, ठरलेली पाळते का, हे बघ.

'हो' आलं तरी या तीन गोष्टी त्याच फेरीत बोलून घ्या. 'नाही' आलं, तर त्याच संध्याकाळी "मित्र म्हणून राहू" हे कबूल करू नकोस. निदान महिनाभर मेसेज थांबव, नाहीतर पुढच्या रविवारी तेच सुरू होईल.

भेट ठरली की कळव. रात्री कितीही वाजता फोन कर.

तुझी,
अनघा