ताई, त्या एका प्रश्नासाठी आभार

प्रिय ताई,

त्या संध्याकाळी फलंदाजांच्या सरासरीवरून वाद रंगला होता आणि मी नुसती मान डोलवत बसले होते. आधी एकदा मी मध्येच "सरासरी म्हणजे नक्की काय?" असं विचारलं होतं. सगळे थांबले, कुणीतरी मला नीट समजावलं, आणि मग तुटलेलं बोलणं पुन्हा जोडायला त्यांना वेळ लागला. त्यानंतर मी गप्पच राहायचे. तुम्ही हे पाहिलंत आणि हळूच म्हणालात, "सगळं कळायला हवं असं नाही. एकच आकडा पकड, आणि तो कशाला कशाने भागून आला तेवढं विचार. पण दोघं तेच तेच बोलायला लागले की मग विचार."

ब्रॅडमन यांचे 99.94 तिसऱ्यांदा निघाले तेव्हा मी विचारलं, "भागायचं कशाने? खेळलेल्या डावांनी?" नाही, फलंदाज जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येने. 80 डावांत 6996 धावा, त्यांतले 10 डाव नाबाद, म्हणजे भागायचं 70 ने. मी कागदावर मांडलं आणि 1948 सालच्या ओव्हलवरच्या त्या शेवटच्या डावाची हळहळ मला पहिल्यांदा कळली. आणखी 4 धावा झाल्या असत्या, तर 7000 भागिले 70, बरोबर 100. ते शून्यावर बाद झाले.

त्या कागदामुळेच पुढचा प्रश्न सुचला: "मग सतत नाबाद राहणाऱ्याची सरासरी फुगत नाही का?"

यावर उत्तर मला मिळालंच नाही, ते एकमेकांनाच उत्तरं देऊ लागले. एकाने 1999 च्या विश्वचषकातला क्लुसनर काढला: 281 धावा, 8 डाव, त्यांत 6 वेळा नाबाद, म्हणून सरासरी 140.5. दुसरा म्हणाला, तो खाली खेळायला यायचा, चेंडूच कमी मिळायचे, त्याला सरासरीने मोजूच नका. तुम्ही माझ्याकडे बघून नुसत्या हसलात. प्रश्न योग्य होता की नाही हे तेव्हापासून मी असंच ओळखते. सगळे माझ्याकडे वळून शिकवू लागले तर तो केवळ माझ्यापुरता होता. आपसांत बोलू लागले तर तो सगळ्यांचा झाला.

कोण मोठा फलंदाज, यावर मात्र मी अजून मत देत नाही. त्यासाठी सामने पाहिलेले असावे लागतात, आणि ती उणीव भागाकाराने भरून निघत नाही.

काल तुम्ही नव्हता, म्हणून हे लिहिते आहे. स्ट्राइक रेटचा विषय निघाला. मी काही विचारायच्या आत एक जण माझ्याकडे वळून म्हणाला, "धावा भागिले चेंडू, गुणिले शंभर. आता पुढचं विचार."

तुमची,
धाकटी मैत्रीण