बिलातला एक शतांश गेला कुठे?

संपादक महोदय,

करासहित किमतीतून मूळ किंमत काढायची सोपी रीत आपल्या अंकात वाचली. १८ टक्के कर असेल तर १०० मधून १८ वजा न करता १०० ला १.१८ ने भागायचे, हे त्यात बरोबर सांगितले आहे. पण बिले जुळवताना खरी डोकेदुखी त्यानंतर सुरू होते. माझा रोजचा उद्योगच तो असल्याने थोडे लिहितो.

१०० भागिले १.१८ म्हणजे ८४.७४५७... बिलावर दोनच दशांश छापले जातात, म्हणून मूळ किंमत ८४.७५ धरली. आता तिच्यावर पुन्हा १८ टक्के लावून पाहा. उत्तर येते १५.२५५, ते छापताना १५.२६ होते आणि बेरीज भरते १००.०१. मूळ किंमत ८४.७४ घेतली तर बेरीज ९९.९९. म्हणजे दोन दशांशांतली अशी एकही मूळ किंमत नाही, जिच्यावर कर लावून तो नेहमीप्रमाणे पूर्णांकित केला की नेमके १०० येतात! यात चूक कुणाचीच नाही. म्हणून करासहित किंमत पक्की धरायची, मूळ किंमत एकदाच पूर्णांकित करायची आणि कर गुणाकाराने न काढता वजाबाकीने काढायचा: १०० वजा ८४.७५, म्हणजे १५.२५.

एकाच बिलात दोन दर आले की दुसरा पेच पडतो. समजा, प्रत्येकी करासहित १० किमतीच्या सहा ओळी आहेत, तीन १८ टक्क्यांच्या आणि तीन ५ टक्क्यांच्या. ओळीओळीने कर काढला तर १.५३ तीनदा आणि ०.४८ तीनदा, एकूण ६.०३. तेच आधी दरनिहाय ३०-३० ची बेरीज करून मग कर काढला, तर ४.५८ आणि १.४३, एकूण ६.०१. ग्राहकाने दोन्हीकडे ६०च दिले, पण कराचा आकडा दोन शतांशांनी वेगळा. (एकूण ६० वर 'सरासरी दर' लावणारेही मी पाहिले आहेत. ओळींचे प्रमाण बदलले की तो दर बदलतो, त्यामुळे त्या वाटेला जाऊच नये.)

छापील बिल कुठल्या रीतीने झाले, ते ओळखायला दोन्ही रीतींनी हिशेब करून बघावा. फरक ओळींच्या संख्येबरोबर वाढत गेला तर एकीकडे ओळनिहाय आणि दुसरीकडे दरनिहाय पूर्णांकन झालेले असते. ओळ एकच असूनही शतांशाचा फरक पडला, तर बहुधा कर गुणाकाराने काढलेला असतो. आणि फरक शतांशांत न मावता चांगला मोठा असेल, तर पूर्णांकनाला दोष देऊ नये. एखाद्या ओळीला दर चुकीचा लागला आहे का, ते आधी पाहावे.

बिलाच्या तळाशी 'कर दरनिहाय बेरजेवर काढला आहे' किंवा 'कर ओळनिहाय काढला आहे' एवढी एक ओळ छापायला बिलाचे सॉफ्टवेअर करणाऱ्यांना काय हरकत असावी?

— एक हिशेबनीस वाचक