पेपर वाचायचा कसा: मनूला पत्र

प्रिय मनू,

आई फोनवर म्हणाली की तू रात्री उशिरापर्यंत ते अर्थशास्त्राचे संशोधनाचे पेपर घेऊन बसतेस आणि सकाळी कलिनाला जाताना ठाण्याहून ट्रेनमध्ये चढलीस की परत पहिलंच पान उघडतेस. म्हणून सविस्तर लिहितेय, हे फोनवर नीट सांगता येत नाही. तुला नेमलेला कार्ड आणि क्रूगरचा १९९४ चा किमान वेतनाचा पेपरच घेऊ, आमच्याकडे इथेही तोच वाचायला लावतात.

पहिली गोष्ट, तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सलग वाचू नकोस. अ‍ॅबस्ट्रॅक्ट वाच, मग इंट्रोडक्शन, मग थेट कन्क्लूजन, आणि मधलं सगळं सोडून दे. एवढं झालं की वहीत तुझ्या शब्दांत एकच वाक्य लिही, कोणाची तुलना कोणाशी केलीय आणि उत्तर काय आलंय. इथे ते असं होईल: १ एप्रिल १९९२ ला न्यू जर्सीत किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ झालं, शेजारच्या पेन्सिल्व्हेनियात झालं नाही, तर दोन्हीकडच्या फास्ट फूडच्या दुकानांत त्याआधी आणि नंतर किती माणसं कामाला होती ते बघितलं, आणि जर्सीत नोकऱ्या कमी झाल्याचं दिसलं नाही. हे वाक्य जमत नसेल तर पुढे जाऊच नकोस, इंट्रोडक्शन परत वाच, कारण पुढची सगळी पानं त्या वाक्याचा पुरावा म्हणूनच आहेत.

आता जार्गन. तू प्रत्येक अडलेला शब्द शोधायला जातेस ना, तिथेच तुझी रात्र जाते. कुठला शब्द आत्ता शोधायचा हे मुख्य टेबलवरून ठरव. या पेपरात ते टेबल ३ आहे. त्याच्या मथळ्यात किंवा ओळींच्या नावांत जो शब्द आहे तो आत्ताच समजून घे, बाकीच्यांवर पेन्सिलीने खूण कर आणि पुढे जा. इथे तसे दोनच निघतात. एक एफटीई, म्हणजे फुल टाइम माणूस एक धरायचा, पार्ट टाइम अर्धा. दुसरा स्टँडर्ड एरर, म्हणजे आकडा साधारण किती हलू शकतो त्याचा अंदाज, तो कंसात छापलेला असतो.

मग टेबल मराठीत मोठ्याने वाच, खरंच मोठ्याने, बाबांना ऐकव. जर्सीत दर दुकानी सरासरी २०.४४ माणसं होती, नंतर २१.०३ झाली, म्हणजे ०.५९ वाढली. पेन्सिल्व्हेनियात २३.३३ होती ती २१.१७ झाली, म्हणजे २.१६ घटली. दोन्ही फरकांतला फरक तू काढलास तर २.७५ येतो आणि छापलाय २.७६, ते राउंडिंगमुळे, घाबरू नकोस. आणि ज्या डिफरन्स-इन-डिफरन्सेसला तू एवढी बिचकतेस ते हेच, दोन वजाबाक्या आणि त्यांची अजून एक वजाबाकी.

हे असं वाचलं की एक गोष्ट दिसते जी अ‍ॅबस्ट्रॅक्टवरून कळणारच नाही. त्या २.७६ मधला मोठा वाटा पेन्सिल्व्हेनियातल्या घटीचा आहे, जर्सी जेमतेम हललंय. म्हणजे सगळा निष्कर्ष एका गृहीतकावर उभा आहे, की वेतन वाढलं नसतं तर जर्सीतही तेवढीच घट झाली असती. आता तुला मधली पानं कशासाठी वाचायची ते कळलं, हे गृहीतक ते कसं सांभाळतात तेवढंच शोधत जा. कंसातला १.३६ पण बघ, २.७६ त्याच्या जेमतेम दुप्पट आहे, म्हणजे खरा आकडा शून्याच्या किंचित वर ते साधारण साडेपाचपर्यंत कुठेही असू शकतो, म्हणून 'नोकऱ्या वाढल्या' असं छातीठोकपणे लिहू नकोस, 'घटल्याचा पुरावा मिळाला नाही' असं लिही.

मग डेटाचा भाग वाच, तो लोक सोडतात आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. इथे माणसांची संख्या दुकानांना फोन करून विचारलीय. नंतर न्यूमार्क आणि वॉशर या दुसऱ्या दोन अर्थतज्ज्ञांनी पगाराच्या नोंदी घेऊन वेगळं उत्तर काढलं आणि २००० मध्ये दोन्ही बाजू त्याच जर्नलमध्ये भिडल्या, वाद बराचसा डेटावरूनच होता.

पेन्सिलीच्या खुणांकडे सगळ्यात शेवटी ये. गृहीतकाशी किंवा डेटाशी संबंध असलेला शब्द असेल तरच शोध, बाकीचे राहू देत. गणित जड असलेल्या थिअरीच्या पेपरला मात्र ही पद्धत पुरत नाही, तिथे मुख्य टेबलच नसतं, ते आपण वेगळं बोलू.

रविवारी फोन करेन तेव्हा पुढच्या पेपरचं ते एक वाक्य तयार ठेव, आणि टेबल कुठलं धरलंस तेही सांग. आईबाबांना नमस्कार.

तुझी,
ताई