मोत्यांच्या माळेबद्दल, एकदाच आणि सविस्तर

नागोया, १५ डिसेंबर

ती. आई, ती. बाबा,
साष्टांग नमस्कार.

तब्येत उत्तम आहे. थंडी पडली आहे, पण स्वेटर घालते आणि रात्री भात खाते, एवढ्यावर समाधान माना. बाकी रोजचं फोनवर होतंच. हे पत्र लिहायला बसले ते रविवारच्या फोनमुळे. आत्याने मध्येच फोन हातात घेऊन "चालून आलेली लक्ष्मी परत केलीस म्हणे" असं ऐकवलं, आणि आई, तू काहीच बोलली नाहीस. तू चार शब्द बोललीस तर मी उत्तर तरी देते. गप्प बसलीस की माझं कामात लक्ष लागत नाही. म्हणून सगळं नीट सांगते, म्हणजे आत्यालाही वाचून दाखवता येईल.

ज्यांच्याकडे सध्या आमचं काम चालू आहे ती मोत्यांचा व्यापार करणारी घरगुती कंपनी आहे, आगो खाडीच्या काठी. नागोयाहून रेल्वेने दोन तास. याच भागात, तोबाजवळ, मिकिमोतो कोकिची यांनी १८९३ साली शिंपल्यात मोती वाढवून दाखवला होता. खाडीत अजूनही शिंपल्यांचे तराफे तरंगताना दिसतात. कोणता मोती किती मिलिमीटरचा, त्याचं पाणी कसं, कोणी निवडला, या सगळ्याची नोंद संगणकावर ठेवायचं काम आमचं. मालकांच्या आई ऐंशीच्या पुढच्या आहेत. उत्तरेकडच्या खिडकीपाशी बसून त्या अजून स्वतः मोती निवडतात, कारण तिकडून येणारा उजेड दिवसभर एकसारखा राहतो. त्यांनी माझ्या फोनवर तुझा दिवाळीतला फोटो पाहिला होता, चिंचपेटी आणि नथ घातलेला. मोती एवढे बारीक कसे, गाठवलेत कसे, असं त्यांनी किती वेळ विचारलं. मग मनूचं लग्न ठरल्याचं मी सांगितलं. इथे मुलगी वयात आली किंवा लग्न ठरलं की बरेच आईबाप तिला मोत्यांची एक माळ देतात. त्यामुळे आजींच्या मनात पुढचं सगळं तिथेच ठरलं असावं.

मागच्या बैठकीनंतर मी निघाले तेव्हा दारापाशी सगळ्यांसमोर त्यांनी माझ्या हातात पिशवी दिली. आत कागदात गुंडाळलेला खोका. आता इथली एक गंमत सांगते, कारण ती कळल्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही. इथे भेट देणाऱ्याच्या समोर उघडत नाहीत, पण न उघडताही बरंच वाचता येतं. खोक्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी असते आणि तिच्यावर वळलेल्या कागदी दोऱ्यांची गाठ, नुसती छापलेली किंवा खरी बांधलेली. गाठ फुलपाखरासारखी, ओढली की सुटणारी असेल, तर पुन्हा पुन्हा व्हावा असा प्रसंग. डिसेंबरात बऱ्याच कंपन्या एकमेकींना तेल, हॅम, बिस्किटांचे डबे पाठवतात त्यावर ही असते. गाठ न सुटणारी असेल तर एकदाच व्हावा असा प्रसंग, म्हणजे लग्न. त्यात दोरेही पाचाऐवजी दहा. उजव्या कोपऱ्यात घडी घातलेला छोटा रंगीत कागद असतो. त्याच्या आत पूर्वी सुकवलेल्या एका समुद्री शिंपल्याच्या मांसाची पट्टी असायची, आणि तोबाच्या कुझाकी गावात इसेच्या देवळासाठी ती अजूनही तयार करतात. देवाला जे वाहायचं त्याची खूण माणसाच्या भेटीवर! चुकीची गाठ बांधली तर लोक खरंच दुखावतात. मला सुरुवातीला हे सगळं अति वाटायचं. आता दुकानात माझाही डोळा आधी गाठीकडे जातो.

तर या खोक्यावर दहा दोऱ्यांची, न सुटणारी, सोनेरी-रुपेरी गाठ होती. डिसेंबरचा बिस्किटांचा डबा असता तर काहीच प्रश्न नव्हता. तो ऑफिसात नोंदवून चहाच्या टेबलावर ठेवतात आणि सगळे मिळून संपवतात, नियमात ते बसतं. हे मात्र एका माणसाला, त्याच्या घरच्या कार्यासाठी दिलेलं होतं. ते वाटून टाकता येत नाही. "आठ मिलिमीटरची आहे, मीच जुळवली," असं आजी म्हणाल्या, आणि त्यांची दरयादी संगणकात मीच भरलेली असल्याने मला आकडाही लगेच कळला. तीन लाख येन. आपले दीड लाखांच्या वर.

आई, तिथल्या तिथे "नको" का म्हटलं नाहीस, असं तू विचारशील. चार माणसांसमोर, मुलगा बाजूला उभा असताना म्हाताऱ्या बाईंच्या हातातली वस्तू मागे ढकलायची? ते मला जमलं नसतं आणि इथल्या रीतीतही बसत नाही. पण "घेते" असंही मी म्हटलं नाही. दोन्ही हातांनी पिशवी धरून खूप आभार मानले आणि म्हटलं, "एवढं मोठं मला एकटीला घेता येत नाही. आज सोबत नेते, ऑफिसात विचारते आणि कळवते." हे सगळ्यांसमोर म्हटलं, म्हणजे मागाहून माझ्याकडून वस्तू परत आली तर कोणाला धक्का नको. स्टेशनवर पोचताच साहेबांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, "उघडलं नाही ना?" उघडलं असतं तर ते वापरलेल्यासारखं झालं असतं, आणि मग तेवढ्याच किमतीचं काहीतरी कंपनीने त्यांना देणं एवढीच वाट उरली असती. मग त्यांच्याकडून पुन्हा परतफेड, असं ते चालूच राहिलं असतं. दुसऱ्या दिवशी खोका तसाच ऑफिसच्या कपाटात कुलपात गेला. कोणी, कधी, कुठे, कशासाठी दिला, याची एका पानाची नोंद केली आणि माझी सही घेतली.

आता नियम का, तर नुसता नियम म्हणून नाही. त्यांना संगणकावरच्या त्या नोंदींच्या कामाचा आणखी एक भाग बनवून हवा आहे, आणि त्याला किती माणसं, किती महिने लागतील याचा अंदाज मीच काढते. त्या अंदाजावर त्यांचं बिल ठरतं. माळ घेतली आणि आकडा कमी आला तर आमच्याकडे कुजबुज, जास्त आला तर त्यांच्याकडे. बाबा, हे तुम्हाला मी काय सांगायचं! दिवाळीत कंत्राटदाराचा माणूस सुक्या मेव्याची पेटी ओसरीवर ठेवून पळायचा आणि तुम्ही ती सायकलला बांधून त्याच्या दारात नेऊन द्यायचात. (आई, तेव्हाही तू अशीच गप्प बसायचीस.) इथे सरकारी नोकरांसाठी तर २००० सालापासून कायदाच आहे. ठरावीक दर्जाच्या वरच्या अधिकाऱ्याला ५,००० येनच्या पुढची भेट मिळाली तर लेखी कळवावी लागते. आम्ही खासगी, आमचे नियम कंपनीचे, पण रोख त्याच बाजूला.

परत करण्याची रीत मात्र मला साहेबांकडून शिकायला मिळाली. कुरियरने पाठवणं सोपं होतं. ते म्हणाले, बिस्किटं असती तर चाललं असतं, यात त्यांच्या हातची मेहनत आहे, आपण जाऊ. आधी त्यांनी पत्र पाठवलं, हाताने, उभ्या ओळींत लिहिलेलं. सुरुवातीला थंडीचा आणि तब्येतीचा विषय, मग माळेबद्दल मनापासून आभार, मग कंपनीच्या नियमामुळे आमच्या कोणालाच घेता येत नाही हे एका वाक्यात, आणि गैरसमज नसावा ही विनंती. खाली सही साहेबांची. माझं नाव फक्त "तिला फार आनंद झाला" एवढ्यापुरतं. म्हणजे नकार माझा राहिला नाही, कंपनीचा झाला, आणि आजींसमोर जाताना मला मान खाली घालावी लागली नाही. पत्र पोचल्यावर मग आम्ही गेलो, नागोयाच्या उइरोचा एक डबा घेऊन. हा तांदळाच्या पिठाचा गोड पदार्थ, साधारण हजार येनचा. तो त्यांनी घेतला.

तरी सोपं गेलं असं समजू नका. मालक म्हणाले, मग आतल्या भावाने विकत घ्या. साहेब हसून म्हणाले, दुकानातल्या भावापेक्षा जितकं कमी, तितकी ती भेटच झाली. मग आजी म्हणाल्या, हिला नको तर थेट बहिणीच्या पत्त्यावर पाठवते. घरच्यांना दिलेलंही मला दिल्यासारखंच धरतात, हे सांगताना माझाच आवाज बसला. आजींनी खोका मांडीवर घेतला आणि थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग मीच म्हटलं, माळ नको पण बहिणीसाठी चार ओळी लिहून द्याल का? त्यांनी लिहिल्या, आणि खोक्यावरची ती सोनेरी-रुपेरी गाठ तशीच काढून पाकिटावर लावून दिली. साहेबांनी तीही नोंदवहीत लिहिली, "कागदी दोरा, किंमत नाममात्र". पाकीट माझ्याकडे आहे, मनूला हातात देईन.

दुखावल्या का? थोड्या दुखावल्याच. निघताना नेहमीसारख्या दारापर्यंत आल्या नाहीत, त्यांच्या सुनेने निरोप दिला. काल गेले तेव्हा मात्र मनूच्या नथीला मोती किती लागतील ते विचारत होत्या, म्हणजे बरं म्हणायचं. मी आकडा सांगितला नाही, उगाच पुन्हा काही निघायचं.

आता कामाचं. इथला डिसेंबरचा बोनस जमा झाला आहे. कार्यालयाची उरलेली रक्कम मी या आठवड्यात पाठवते. केटररला बाबांनी आगाऊ दिलेले पैसेही त्यात धरले आहेत, ते परत करू नका. सोन्याचा भाव बघून बांगड्या आत्ताच घ्या, एप्रिलची वाट पाहू नका. आणि चिंचपेटी माझ्याकडून. सांगलीला नेहमीच्या सराफाकडे मनूला घेऊन जा, तिला आवडेल ती घ्या, पावती माझ्या नावाने करा. तीन लाख येनची नसेल, पण कोणाला कळवायची नाही आणि कोणाच्या नोंदीत जायची नाही.

साखरपुड्याला मला येता येत नाही, हे मी आधीही सांगितलं, तरी पुन्हा लिहिताना वाईट वाटतं. मार्चअखेर इथे वर्ष संपतं, त्या महिन्यात कोणालाच सुट्टी मिळत नाही. एप्रिलच्या शेवटी इथे सलग सुट्ट्या असतात, त्यांना जोडून रजा टाकली आहे. हळदीच्या आधी पोचते. "मोठीचं राहिलं आणि धाकटीचं आधी" असं कोणी म्हटलं तर म्हणू द्या, मनूसमोर तेवढं नको. कराडच्या स्थळाची पत्रिका पाठवलीत ती मिळाली. नाही म्हणत नाही. मे महिन्यात आले की भेटते, पण तोवर त्यांना काही शब्द देऊ नका.

बाबा, गुडघ्याचा एक्स-रे काढून घ्या, पैशाचं कारण सांगू नका.

तुमची,
ताई

ता. क. आई, माझ्या ब्लाउजचं माप जुनंच चालेल. भात खाते म्हटलं ते खरं आहे, पण जाड झालेली नाही.