आठवडाभर काय खाते ते लिहून पाठवतेय, नीट बघून सांग

प्रिय मैत्रिणी,

तू म्हणालीस ना की नुसतं 'घरचंच खाते' असं सांगू नकोस, वेळेसकट सगळं लिहून दे, म्हणून लिहायला बसलेय. रिपोर्ट तू बघितलासच, एचबीएवनसी 5.9 आलंय म्हणजे प्रीडायबेटिसमध्ये (5.7 ते 6.4), पण उपाशीपोटीची साखर 98, म्हणजे 100 च्या आतच. म्हणून मला वाटतंय की गडबड जेवणानंतर होत असणार, आणि तेच तुझ्याकडून तपासून घ्यायचंय.

सोमवार घे. कॅश काउंटरवर सगळ्यात जास्त गर्दी त्याच दिवशी. सकाळी उठल्यावर चहा, मग निघताना वाटीभर पोहे आणि परत चहा. जेवणाची सुट्टी दोनला असते पण समोर लाईन असली की उठता येत नाही, डबा उघडेपर्यंत तीन वाजतात. डब्यात तीन पोळ्या आणि सुकी भाजी, बहुतेक वेळा बटाटा किंवा कोबी, कारण वरण नेलं की डबा सांडतो आणि बॅगेतले कागद खराब होतात म्हणून ते घरीच राहतं. साडेपाचला कॅश टॅली करताना चहा येतो, सोबत बिस्किटं, आणि फरक लागला तर तो सापडेपर्यंत कोणीच हलत नाही, मग हात सारखा पुड्याकडे जातो. घरी पोचून जेवायला साडेनऊ होतात आणि तेव्हा भूक एवढी असते की दोन पोळ्या, वर भात, वरण, भाजी सगळं एकदम पोटात जातं, आणि तासाभरात झोप.

मंगळवार, गुरुवार थोड्याफार फरकाने असेच. शुक्रवारी डब्याऐवजी सगळे मिळून बाहेरून मागवतो, बहुतेक वेळा नूडल्स. महिनाअखेर तर वेगळीच, तेव्हा रात्रीचं जेवणही ब्रांचमध्येच.

पण बुधवारचं ऐक, ते मला महत्त्वाचं वाटतंय. त्या दिवशी मी काउंटरवर नसते, लोनच्या फायली बघते, त्यामुळे दोनला जेवण होतं आणि दुपारी कँटीनमधून दही घेते, डब्यात मोडाच्या मुगाची घट्ट उसळ असते. मग संध्याकाळी चहा घेतला तरी बिस्किटांची आठवणसुद्धा येत नाही आणि रात्री दोन पोळ्यांत भागतं, भात लागत नाही. मी या आठवड्यात रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर बघितलं, सोमवारी 168 आणि बुधवारी 132. घरच्या मशीनमध्ये थोडं इकडेतिकडे होतं हे माहीत आहे, आणि दोनच रीडिंग आहेत, पण एवढा फरक नुसता मशीनचा असेल का?

मग मी सोमवारचं प्रोटीन मोजून बघितलं. पोळीत साधारण तीन ग्रॅम धरले, म्हणजे पाच पोळ्यांचे पंधरा, वाटीभर वरणाचे सहा, बाकी पोहे, भात, भाजी, चहातलं दूध, बिस्किटं मिळून चौदा-पंधरा. म्हणजे एकूण पस्तीसच्या आसपास, आणि माझं वजन 64 किलो, तर किलोमागे 0.8 ते 1 ग्रॅम धरलं तरी पन्नास ते पासष्ट हवेत ना? त्यात डाळीचं जे काही आहे ते सगळं रात्रीच. शनिवार-रविवार घरी असते तेव्हा नाश्त्याला दोन अंडी आणि दुपारी वरण मिळतं, मग त्या दोन दिवशी बरं वाटतं ते यामुळेच का?

चहाचं पण सांगते, दिवसात चार कप, प्रत्येकात दोन सपाट चमचे साखर, चमचा चार ग्रॅमचा धरला तर बत्तीस ग्रॅम होतात, बिस्किटांतली वेगळी. एक-एक चमचा करायला मी तयार आहे, बंद कर म्हणालीस तर मात्र टिकणार नाही, आधीच सांगते.

माझ्या डोक्यात असं आहे की दुपारची भाजी काढून घट्ट उसळ किंवा पिठलं न्यायचं, ते सांडत नाही, आणि संध्याकाळी टॅलीच्या आधी दोन पोळ्या आणि उकडलेलं अंडं खाऊन घ्यायचं, म्हणजे साडेनऊला फक्त वरण, भाजी आणि थोडा भात. पण रात्री पोळी काढायची की भात, हे मला कळत नाहीये. आणि सकाळच्या पोह्यांत मूठभर शेंगदाणे घातले तर पुरेल का तिथेही अंडंच हवं?

पुढच्या आठवड्यात मी परत साखर मोजणार आहे, स्ट्रिप्स थोड्याच उरल्यात, तर कुठल्या जेवणानंतर मोजू तेवढं आधी कळव, बाकीचं सावकाश लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
काउंटरवाली मैत्रीण